सत्त्याऐंशी की चौऱ्याऐंशी?

डिसेंबरचा गोषवारा तयार होतोय. एका माध्यमिक विद्यालयात सगळ्या वर्गांची माहिती गोळा करणाऱ्या सरांनी सहा वर्गांच्या टक्केवाऱ्या एकाखाली एक मांडल्या, बेरीज केली, सहाने भागलं आणि शाळेची हजेरी लिहिली ८७ टक्के. ऑफिसात लेखनिकांनी कॅटलॉगमधले हजर दिवस मोजून वेगळा हिशेब केला. त्यांचं उत्तर आलं ८४.२३ टक्के. शाळा तीच, महिना तोच, कॅटलॉगही तीच. दोन्ही कागद सहीसाठी एकाच दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेले आणि त्यांनी विचारायचं तेच विचारलं, "चुकलं कोणाचं?"

कोणाचंच चुकलं नव्हतं, आणि घोळ तिथेच होता. बेरीज चुकली असती तर कॅल्क्युलेटर घेऊन पाच मिनिटांत सापडली असती. इथे दोन्ही कागद कितीही वेळा तपासले तरी उत्तरं तीच येणार. मग मुख्याध्यापक म्हणतात, मला एका पानात खुलासा लिहून द्या. असे खुलासे सरकारी मराठीत फार ठरावीक साच्यात लिहिले जातात. 'गणनपद्धतीतील भिन्नतेमुळे सदर तफावत निदर्शनास येते' असं वाक्य लिहून खाली सही होते. वाक्य बरोबर असतं, फक्त त्यातून कोणाला काही कळत नाही. पद्धती वेगळ्या आहेत हे मुख्याध्यापकांना दिसतंच आहे. वेगळ्या म्हणजे कशा, फरक पावणेतीन टक्क्यांचाच का, आणि वरच्या कार्यालयाला कळवायचा कुठला, हे त्यांना हवं असतं.

या लेखातले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. शाळेची घडण मात्र महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कुठेही दिसते तशीच ठेवली आहे. आजूबाजूच्या गावांत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच सातवीपर्यंत आहेत. त्यामुळे या विद्यालयात पाचवी ते सातवीला फक्त त्याच गावातली मुलं येतात आणि वर्ग लहान राहतात. आठवीला चार गावांची मुलं एकदम येऊन मिळतात आणि पट दुपटीहून जास्त होतो. डिसेंबरात कामाचे दिवस २५ होते.

| इयत्ता | पट | एकूण विद्यार्थी-दिवस | हजर दिवस | टक्के |
|---|---|---|---|---|
| पाचवी | २० | ५०० | ४७० | ९४ |
| सहावी | २० | ५०० | ४६५ | ९३ |
| सातवी | २४ | ६०० | ५५२ | ९२ |
| आठवी | ६० | १५०० | १२०० | ८० |
| नववी | ५६ | १४०० | १०९२ | ७८ |
| दहावी | ६० | १५०० | १२७५ | ८५ |
| एकूण | २४० | ६००० | ५०५४ | |

'विद्यार्थी-दिवस' म्हणजे पट गुणिले कामाचे दिवस. पाचवीत २० मुलं आणि २५ दिवस, म्हणजे कॅटलॉगच्या त्या पानावर ५०० चौकोन. त्यांतल्या ४७० चौकोनांत हजेरीची खूण आहे आणि ३० चौकोनांत गैरहजेरीची. लेखनिकांनी सहा वर्गांचे सगळे ६००० चौकोन एकत्र धरले आणि त्यांतले ५०५४ हजेरीचे निघाले. ५०५४ भागिले ६०००, ८४.२३ टक्के. गोषवारा करणाऱ्या सरांनी चौकोन पाहिलेच नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचले ते ९४, ९३, ९२, ८०, ७८ आणि ८५ हे सहा आकडे. त्यांची बेरीज ५२२, भागिले सहा, ८७.

तक्त्यातल्या शेवटच्या ओळीत टक्क्यांचा रकाना मी मोकळा सोडला आहे. सगळी गडबड त्याच एका रिकाम्या जागेत होते. कॉम्प्युटरवर तक्ता केलेला असला की त्या जागेत कर्सर नेऊन सरासरीचं सूत्र टाकायचा मोह कोणालाही होतो, कारण वरच्या सहा ओळींत सहा टक्केवाऱ्या तयारच असतात. पहिली ओळ शीर्षकांची धरून हजर दिवस D रकान्यात, विद्यार्थी-दिवस C मध्ये आणि टक्के E मध्ये असतील, तर दोन पद्धतींची दोन सूत्रं अशी होतात:

```
=AVERAGE(E2:E7)
=SUM(D2:D7)/SUM(C2:C7)*100
```

पहिलं ८७ देतं, दुसरं ८४.२३. पहिलं सूत्र लिहायला सोपं आहे, म्हणून ते जास्त दिसतं. दुसऱ्यासाठी मागचे दोन रकाने लागतात, आणि अनेकदा वर्गशिक्षकांनी ते दिलेलेच नसतात. त्यांनी चिठ्ठीवर फक्त 'पाचवी ९४ टक्के' एवढंच लिहून पाठवलेलं असतं.

दोन पद्धतींत नेमकं काय वेगळं होतं हे एका मुलाच्या गैरहजेरीवरून चांगलं दिसतं. पाचवीतली एक मुलगी महिनाभर आजारी पडली आणि एकही दिवस आली नाही, असं धरू. पाचवीचे २५ हजर दिवस कमी होतील आणि वर्गाची टक्केवारी ९४ वरून ८९ वर येईल. सरांच्या पद्धतीत वर्गाचे पाच टक्के सहा वर्गांत वाटले जातात, म्हणून शाळेचा आकडा ०.८३ ने उतरेल. आता तीच गोष्ट दहावीतल्या मुलाच्या बाबतीत झाली असती तर? दहावीचे १५०० पैकी २५ दिवस गेले, म्हणजे वर्गाची टक्केवारी १.६७ ने उतरली आणि शाळेची ०.२८ ने. दोन्ही मुलं २५ दिवसच घरी होती, पण शाळेच्या आकड्याला पाचवीच्या मुलीचा धक्का दहावीच्या मुलाच्या तिप्पट बसला. लेखनिकांच्या पद्धतीत दोघांचाही परिणाम सारखाच होतो. ६००० पैकी २५, म्हणजे ०.४२.

सरांच्या पद्धतीत प्रत्येक वर्गाला एक मत असतं. वर्गात वीस मुलं असोत की साठ, मत एकच. लेखनिकांच्या पद्धतीत मत असतं प्रत्येक मुलाला. पाचवी, सहावी आणि सातवी मिळून ६४ मुलं आहेत, शाळेच्या जेमतेम पावपट. सहा वर्गांच्या सरासरीत मात्र त्यांच्याकडे निम्मी मतं येतात. आणि नेमकी हीच मुलं नियमित येणारी आहेत. त्यामुळे आकडा वर चढतो.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं. मोठ्या वर्गाची हजेरी कमी असणं हा निव्वळ योगायोग नाही. आठवीपासूनचे वर्ग मोठे आहेत कारण मुलं बाहेरगावाहून येतात, आणि हजेरी कमी आहे तीही मुलं बाहेरगावाहून येतात म्हणूनच. एसटीची सकाळची फेरी चुकली की त्या दिवशी शाळा बुडते. पाचवीचा मुलगा गल्लीतून चालत येतो. एकाच कारणाने वर्गाचा पट वाढतो आणि हजेरी घटते, म्हणून दोन पद्धतींतला हा फरक एका महिन्यापुरता राहत नाही. अशा घडणीच्या शाळेत तो महिन्यामागून महिने, आणि बहुतेक वेळा एकाच दिशेला येत राहतो. ज्या शाळेत लहान वर्गांचीच हजेरी कमी असते, तिथे उलट होईल. तिथे साधी सरासरी खाली येईल आणि चौकोनांचा हिशेब वर राहील.

फरक या कारणानेच आला आहे, दुसऱ्या कुठल्या चुकीने नाही, हे सिद्ध कसं करायचं? त्याची एक सोपी कसोटी आहे. वर्गांच्या टक्केवाऱ्या आहेत तशाच ठेवायच्या आणि पट मात्र प्रत्येक वर्गाचा सारखा, ४० धरायचा. एकूण मुलं तेवढीच, २४०. आता प्रत्येक वर्गाचे विद्यार्थी-दिवस हजार होतात आणि हजर दिवस ९४०, ९३०, ९२०, ८००, ७८० आणि ८५०. बेरीज ५२२०, भागिले ६०००, बरोबर ८७. दोन्ही पद्धती एकाच आकड्यावर आल्या. म्हणजे पट सारखा केल्यावर फरक पूर्ण नाहीसा झाला. तो काही अंशी शिल्लक राहिला असता, तर कुठेतरी बेरीज चुकली आहे किंवा एखाद्या वर्गाने कामाचे दिवस वेगळे धरले आहेत असं समजून शोध घ्यावा लागला असता. ही कसोटी खुलाशात असली की वाचणाऱ्याला विश्वास ठेवावा लागत नाही. तो स्वतः करून पाहू शकतो.

आता खुलासा. तो एका पानापेक्षा मोठा नसावा असं माझं मत आहे, कारण मुख्याध्यापकांकडे दुसरं पान वाचायला वेळ नसतो. साधारण असा:

> प्रति,
> मा. मुख्याध्यापक
>
> विषय : डिसेंबर महिन्याच्या हजेरीच्या टक्केवारीतील फरकाबाबत
>
> महोदय,
>
> डिसेंबर महिन्याची शाळेची हजेरी एका तक्त्यात ८७ टक्के आणि दुसऱ्यात ८४.२३ टक्के आली आहे. दोन्ही तक्ते एकाच कॅटलॉगवरून केलेले असून दोन्हींतील बेरजा बरोबर आहेत.
>
> ८७ हा आकडा सहा वर्गांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी आहे. त्यात २० मुलांची पाचवी आणि ६० मुलांची दहावी यांना सारखेच महत्त्व मिळते. ८४.२३ हा आकडा सर्व विद्यार्थ्यांचे एकूण हजर दिवस (५०५४) भागिले एकूण विद्यार्थी-दिवस (६०००) असा काढला आहे. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला सारखे महत्त्व मिळते.
>
> पाचवी ते सातवी या वर्गांचा पट कमी (६४) आणि हजेरी जास्त (९२ ते ९४ टक्के) आहे. आठवी ते दहावीचा पट जास्त (१७६) आणि हजेरी कमी (७८ ते ८५ टक्के) आहे. त्यामुळे पहिल्या पद्धतीचा आकडा वर जातो. सर्व वर्गांचा पट सारखा धरून पाहिल्यास दोन्ही पद्धतींनी ८७ टक्केच येतात. म्हणून २.७७ टक्क्यांचा फरक पूर्णपणे पटातील तफावतीमुळे आहे.
>
> या महिन्यात एकही नवीन प्रवेश झाला नाही आणि कोणाचाही दाखला गेला नाही. सर्व वर्गांचे कामाचे दिवस २५ धरले आहेत.
>
> शाळेची हजेरी म्हणून ८४.२३ टक्के कळवावी असे सुचवतो. वर्गनिहाय टक्केवारीचा तक्ता सोबत जोडला आहे.
>
> आपला विश्वासू

या पत्रात चौथा परिच्छेद लहानसा आहे आणि तोच बहुतेक वेळा गळतो. त्याकडे पुढे येतो.

'शाळेची हजेरी म्हणून ८४.२३ कळवा' असं ठामपणे का म्हणायचं, जर दोन्ही आकडे बरोबर आहेत तर? कारण शाळेची हजेरी विचारणाऱ्याला बहुधा हेच जाणून घ्यायचं असतं की पटावरच्या मुलांपैकी कुठल्याही एका दिवशी वर्गात किती बसलेली असतात. ८४.२३ टक्क्यांनी २४० मुलांपैकी रोज सरासरी २०२ मुलं येतात. कॅटलॉगच्या तळाशी जुने शिक्षक 'सरासरी हजेरी' काढत, तीही हीच. एकूण हजर दिवस भागिले कामाचे दिवस, ५०५४ भागिले २५, उत्तर २०२.१६. आता ८७ टक्के धरले तर रोजची मुलं होतात जवळपास २०९. जास्तीची सात मुलं कुठल्याच वर्गात नाहीत, फक्त गोषवाऱ्यात आहेत. शालेय पोषण आहाराच्या हिशेबात हे लगेच खटकतं. आठवीपर्यंतच्या मुलांना आहार मिळतो, पाचवीपर्यंत रोज १०० ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, आणि तांदूळ डोकी मोजून शिजवला जातो. वर्गांच्या सरासरीवरून काढलेली मुलं आणि ताटं यांचा मेळ बसणार नाही, आणि तपासणीला आलेला माणूस नेमका तोच मेळ बघतो.

वर्गांच्या सरासरीलाही तिची जागा आहे. शाळेतला साधारण वर्ग कसा चालला आहे असं विचारलं, वर्गशिक्षकांच्या बैठकीत सहा वर्गांना सारखं वजन देऊन बोलायचं असलं, तर ८७ हेच उत्तर. फक्त त्याला 'शाळेची हजेरी' म्हणू नये, 'वर्गांची सरासरी टक्केवारी' म्हणावं.

फरक पावणेतीन टक्क्यांचा आहे, चालतंय की, असं कोणी म्हणेल. महिन्यागणिक चढउतार पाहायचा असला की चालत नाही. पुढच्या महिन्यातही पट तोच आणि कामाचे दिवस २५ धरू. तिन्ही लहान वर्ग दोन-दोन टक्क्यांनी सुधारले, ९६, ९५ आणि ९४ झाले. तिन्ही मोठे वर्ग एकेक टक्क्याने घसरले, ७९, ७७ आणि ८४ झाले. वर्गांची सरासरी आता ८७.५, म्हणजे अर्ध्या टक्क्याने चढली. हजर दिवसांची बेरीज मात्र ५०५४ वरून ५०४२ वर आली, म्हणजे हजेरी ८४.०३. एका कागदावर शाळा सुधारली आणि दुसऱ्यावर घसरली. आकड्यांपेक्षा दिशा उलटी होणं जास्त घातक, कारण निर्णय दिशेवर घेतले जातात. ८७.५ पाहून आठवीच्या एसटीच्या फेरीसाठी आगारात अर्ज करायचं कोणालाच सुचणार नाही.

वर्षाची टक्केवारी काढताना हाच प्रकार महिन्यांच्या बाबतीत होतो. बारा महिन्यांच्या टक्केवाऱ्या बेरीज करून भागायच्या ही पद्धत रूढ आहे, पण जून अर्धाच असतो, दिवाळीच्या सुट्टीचा महिना तुटका असतो आणि ऑगस्ट भरगच्च. साठ मुलांच्या वर्गात जूनचे १२ दिवस ९० टक्के आणि ऑगस्टचे २४ दिवस ८१ टक्के हजेरी झाली, तर साधी सरासरी ८५.५ येते. दिवस मोजले तर ८४. उपाय तोच, टक्के बाजूला ठेवून हजर दिवस आणि विद्यार्थी-दिवस यांची बेरीज पुढे न्यायची. वर्गशिक्षकांकडून चिठ्ठीवर टक्के मागण्याऐवजी हे दोन आकडे मागितले की पुढचा निम्मा गोंधळ मिटतो.

आता तो लहान परिच्छेद, नवीन प्रवेश आणि दाखल्यांचा. वरच्या सगळ्या हिशेबात पट महिनाभर स्थिर आहे असं धरलं होतं. डिसेंबरात ते बहुधा खरं असतं. जूनमध्ये कधीच नसतं. आठवीचा वर्ग घ्या. शाळा उघडली तेव्हा पटावर ४० मुलं. आजूबाजूच्या गावांतून दाखले येत राहतात, चार दिवसांनी पट ५० होतो आणि आणखी चार दिवसांनी ६०. कामाचे दिवस एकूण १२. मुलं रोज दहातली नऊ येतात, म्हणजे आधी रोज ३६, मग ४५, मग ५४. हजर दिवसांची बेरीज १४४ अधिक १८० अधिक २१६, म्हणजे ५४०.

महिनाअखेरचा पट ६० धरून भागलं तर ६० गुणिले १२, म्हणजे ७२० पैकी ५४०, फक्त ७५ टक्के. रोजचा खरा पट धरला तर चार दिवस ४०, चार दिवस ५० आणि चार दिवस ६०, मिळून ६००, आणि हजेरी ९० टक्के. इथे फरक पंधरा टक्क्यांचा आहे आणि वर्गांच्या वजनाचा त्यात काहीच संबंध नाही. वर्ग एकच आहे. ७५ टक्क्यांच्या हिशेबात दाखलाही न आलेल्या मुलांना गैरहजर ठरवलं गेलं. १५ जूनला त्यांची नावं कॅटलॉगवर नव्हतीच. वेगळ्या शब्दांत, इथली चूक छेदात आहे.

मुलं शाळा सोडून जातात तेव्हा उलट बाजूने हेच घडतं. वीस मुलांचा वर्ग, महिन्याचे २५ दिवस, सगळी मुलं रोज हजर. विसाव्या दिवसानंतर चार मुलांचे दाखले गेले. हजर दिवस होतात ४०० अधिक ८०, म्हणजे ४८०. महिनाअखेरचा पट १६ धरला तर विद्यार्थी-दिवस ४००, आणि हजेरी १२० टक्के! असा आकडा दिसला की निदान चूक तरी लपत नाही. खरा त्रास एखाद-दुसरा दाखला जातो तेव्हा होतो. तेव्हा आकडा शंभराच्या आतच राहतो, फक्त हळूच वर सरकतो आणि कोणाला संशय येत नाही. म्हणून खुलाशात 'प्रवेश नाही, दाखला नाही' हे वाक्य हवं, आणि तसं नसेल तर रोजच्या पटाची बेरीज करून छेद काढला आहे असं लिहायला हवं.

हे सगळं वाचून मुख्याध्यापक सही करतील आणि मग विचारतील, "बरं, मग ही नववी ७८ वर का आहे?" एका टक्केवारीतून याचं उत्तर मिळत नाही. कॅटलॉगचं पान उघडावं लागतं. नववीत ५६ मुलं, १४०० चौकोन, त्यांतले ३०८ गैरहजेरीचे. आमच्या उदाहरणातलं पान उघडल्यावर दिसतं असं, की आठ नावांसमोर महिनाभर एकही हजेरी नाही. म्हणजे २०० चौकोन फक्त त्या आठ मुलांचे. उरलेल्या ४८ मुलांच्या १२०० पैकी १०९२ चौकोनांत हजेरी आहे, ९१ टक्के. नववी मुळात सातवीच्या बरोबरीने चालली आहे, आणि तिच्यात आठ मुलं आहेत जी शाळेतच नाहीत.

बीडसारख्या जिल्ह्यांत अशी आठ नावं कोणाची असतील हे शिक्षकांना न सांगता कळतं. दिवाळीच्या आसपास कोयत्याची टोळी उठते, आईवडील पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि मुलंही बरोबर जातात. गाळप हंगाम संपेपर्यंत ती परतत नाहीत. लहान मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आणि स्थलांतराच्या ठिकाणी शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे, पण शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वयापुरता आणि आठवीपर्यंतच आहे. नववीची मुलं त्याच्या कडेवर उभी असतात. शिवाय पंधराव्या वर्षी मूल टोळीत अर्ध्या कोयत्याइतकं काम करू लागलेलं असतं.

त्यांची नावं पटावर ठेवायची की कमी करायची, यावर शाळेत दोन ओढाताणी चालतात. शिक्षकांची पदं संचमान्यतेत पटावरून ठरतात, म्हणून नाव ठेवण्याकडे कल असतो. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली ती कागदावरच्या खोट्या पटाच्या तक्रारींमुळेच. ही आठ मुलं खोटी नाहीत. ती खरी आहेत, फक्त दोन-तीनशे किलोमीटरवर आहेत. दुसरीकडे हजेरीची टक्केवारी मागितली जाते तेव्हा तीच नावं जड होतात, कारण ती छेदात बसतात आणि अंशात काहीच घालत नाहीत.

ती आठ नावं डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी कमी केली असती तर काय झालं असतं, हा हिशेब खुलाशाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने करून ठेवण्यासारखा आहे. विद्यार्थी-दिवस ६००० वरून ५८०० वर येतात, हजर दिवस तेवढेच, ५०५४. भागाकार ८७.१४. लेखनिकांची काटेकोर पद्धत वापरूनही शाळा ८७ वर पोचते, आणि रोज वर्गात बसलेली मुलं तीच २०२. म्हणून सोबतच्या वर्गनिहाय तक्त्यात नववीच्या ओळीपुढे शेरा लिहावा लागतो, 'आठ विद्यार्थी संपूर्ण महिना स्थलांतरित, नावे पटावर कायम', आणि त्या आठ जणांची यादी टक्केवारीच्या कागदासोबत नाही, तर वेगळ्या पत्राने केंद्रप्रमुखांकडे पाठवावी लागते.